सहलीचं रिस्क असेसमेंट आणि पालकांची संमती : कान्हेरीचं उदाहरण घेऊन

प्रश्न : मी बी.एड. सेकंड इयरला आहे, मुंबईत. इंटर्नशिपमध्ये सहावीच्या ४८ मुलांच्या एक दिवसाच्या सहलीचं रिस्क असेसमेंट आणि पालकांचं संमतीपत्र बनवायचा टास्क आहे, ठिकाण बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधली कान्हेरी लेणी, महिना डिसेंबर. मी १९ धोक्यांचा तक्ता केला, जवळपास सगळ्यांपुढे 'मुलांना सूचना देणे' असा उपाय लिहिला आणि संमतीपत्रात 'काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' हे पण घातलं. मॅडमनी दोन्ही परत दिले, वर फक्त 'हे कोण वापरणार?' एवढंच लिहिलंय. दोन्ही सोबत जोडलेत. नक्की काय चुकलं? आणि तीन पालक पाठवायला नाही म्हणतायत, त्यांचं काय दाखवू प्लॅनमध्ये?

उत्तर :

मॅडमचा प्रश्न खोचक वाटला तरी तो अक्षरशः घ्या, त्यात टोमणा नाहीये. तुमचा तक्ता फाइलला लावायला तयार केलाय आणि संमतीपत्र शाळेला वाचवायला. सहलीच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला चैत्यगृहाच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या शिक्षिकेला त्यातलं काय कामाला येईल, आणि घरी कागद हातात घेऊन बसलेल्या आईला त्यातून काय कळेल, ह्या दोन प्रश्नांना तुमच्याकडे आत्ता उत्तर नाहीये. मी एका अनुदानित शाळेत बावीस वर्षं शिकवतेय, त्यातली बारा-तेरा वर्षं सहलीचं काम माझ्याच गळ्यात आहे आणि गेली काही वर्षं इंटर्नशिपची मुलंही माझ्याकडे असतात, त्यामुळे हा तक्ता मी बऱ्याच वेळा पाहिलाय. जवळपास प्रत्येक जण हाच करून आणतो. मीही पहिल्या वर्षी हाच केला होता.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगते. शाळा पालिकेची, अनुदानित की खाजगी ह्यावर कागदपत्रं आणि परवानगी कुणाची लागते ते बदलतं. शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाकडून सहलीबद्दल आलेली परिपत्रकं शाळेच्या क्लार्ककडे फाइलमध्ये असतात, ती मागून वाचा, आणि किती मुलांमागे किती मोठी माणसं, किती आधी अर्ज, हे आकडे त्यातूनच घ्या, माझ्यासारख्या अनोळखी बाईच्या उत्तरातून नको. खाली मी जे आकडे देतेय ते आमच्या शाळेच्या सवयीचे आहेत.

तर आधी तक्ता. १९ धोके हेच मुळात जास्त झाले. सर्पदंश, दरड, बिबट्या, उष्माघात, अन्नविषबाधा असं सगळं एका मापाने लिहिलं की खरे दोन-तीन धोके त्यात बुडून जातात. बिबट्या लिहायला मजा येते हे मला माहितीये, नॅशनल पार्क म्हटलं की पहिला तोच आठवतो, पण दिवसाढवळ्या ४८ पोरांचा गोंगाट चालला असताना तो तुमच्या वाटेला येण्यापेक्षा एखादं पोर बसच्या मागून पळत रस्त्यात जाण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. म्हणून मी इंटर्नशिपच्या मुलांना सांगते की धोके आठवून लिहू नका, दिवस आठवून लिहा. शाळेच्या गेटपासून परत गेटपर्यंत दिवसाचे तुकडे पाडा : बसमध्ये चढणं, हायवेवरचा प्रवास, पार्कच्या गेटवर उतरणं, टॉयलेट, आत लेण्यांपर्यंतचा सहाएक किलोमीटरचा रस्ता, पायऱ्या, चैत्यगृह, वरची लेणी, उतरणं, डबा, परतीची बस, मुलं पालकांच्या ताब्यात देणं. प्रत्येक तुकड्यात 'इथे मूल कशामुळे मरू शकतं किंवा कायमचं जायबंदी होऊ शकतं' आणि 'इथे मूल हरवू शकतं का' हे दोनच प्रश्न विचारा. ऐकायला भयंकर वाटतं, पण खरचटणं आणि मरणं एकाच रकान्यात जाण्यापेक्षा बरं.

आणि हे घरी बसून होत नाही. तिथे जाऊन या, शक्यतो सहल ज्या वारी आहे त्याच वारी आणि त्याच वेळेला. सोमवारी पार्क बंद असतं हे तुम्हाला माहीत असेलच, पण मी एका मुलीच्या टास्कमध्ये सोमवारची सहल पाहिलेली आहे, बाकी प्लॅन सुंदर होता तिचा. तिथे गेलात की घड्याळ लावून चाला आणि तुमच्या वेळेला दीडपट करा, सहावीची मुलं रांगेत तेवढा वेळ घेतात. शाळेची बस आत लेण्यांच्या पायथ्यापर्यंत सोडतात की पार्कची बस घ्यावी लागेल हे गेटवरच विचारून घ्या, कारण बस बदलावी लागली तर मुलं चढण्या-उतरण्याचे दोन जादा प्रसंग तयार होतात आणि मोजणी तिथेच चुकते. मोबाईलला रेंज कुठे जाते तेही बघून ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन.

आता एक धोका पूर्ण सोडवून दाखवते, मग बाकीचे तुम्हीच करा. कान्हेरीला लेण्यांच्या बाहेर खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, बऱ्याच लेण्यांना स्वतःचं टाकं आहे. तिथल्या जुन्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. काही टाक्यांत पाणी असतं, ते हिरवं गढूळ दिसतं, तळ दिसत नाही. तुमच्या तक्त्यात ह्याची ओळच नाहीये आणि माझ्या मते ही त्या जागेची सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. गंमत अशी की इतिहासाच्या दृष्टीने मुलांना दाखवण्यासारखीही हीच गोष्ट आहे. सहावीला प्राचीन भारत आहे, सातवाहन आहेत, आणि सातवाहन राणीचा उल्लेख असलेला कान्हेरीचा प्रसिद्ध शिलालेख एका पाण्याच्या टाक्यावरचाच आहे. डोंगरात भिक्षू पावसाळ्याचं पाणी साठवून वर्षभर कसे राहत होते हे टाकं बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे टाक्यांकडे जायचंच नाही असं म्हणून सुटका नाही, मग सहलीचा अर्थच गेला.

कॉलेजमध्ये तुम्हाला शक्यता गुणिले तीव्रता असा १ ते ५ चा तक्ता दिला असेल. टाक्यात मूल पडण्याची तीव्रता ५, ह्यावर वाद नाही. शक्यता, ४८ मुलं मोकळी सोडली तर, मी ३ धरेन, कारण पाण्यात वाकून बघणं आणि दगड टाकणं हे अकरा वर्षांच्या पोराला सांगावं लागत नाही. झाले १५. आता तुमच्या तक्त्यातल्या इतक्याच तीव्र धोक्यांपुढे तुम्ही 'सूचना देणे' लिहून आकडा थेट ३ वर आणलाय असं मला दिसतंय, म्हणजे तुम्ही तीव्रताही कमी केलीत आणि शक्यताही. हीच चूक पकडली गेली असणार. उपाय केल्याने पाणी उथळ होत नाही. तीव्रता ५ ची ५ च राहते, फक्त शक्यता खाली येते. आणि सूचनेने ती किती खाली येईल? शाळेत वर्गात बसून दिलेली सूचना तिथे पोचेपर्यंत अर्धी उडालेली असते, मी तिला फार तर अर्धा गुण देईन.

उपायांची एक उतरंड असते, वरून खाली यायचं. पहिलं, धोका काढूनच टाकता येतो का. पायलट भेटीत असं एक टाकं निवडा ज्याच्याजवळ उभं राहायला सपाट, रुंद जागा आहे, फक्त तेच दाखवायचं, आणि बाकीच्या टाक्यांवरून जाणारी वाट मार्गातूनच काढायची. दुसरं, मूल आणि पाणी यांच्यात काहीतरी घालता येतं का. आम्ही पायांनी किंवा खडूने नाही, चक्क माणसांनी रेघ आखतो : दोन मोठी माणसं टाक्याच्या काठाकडे पाठ करून उभी राहतात, मुलं त्यांच्या पुढे चार पावलांवर बसतात, उभी राहत नाहीत. बसलेलं मूल पडत नाही, ढकललंही जात नाही. तिसरं, एका वेळी आठच मुलं, बाकीचे गट चैत्यगृहात वही काढून बसलेले. आणि ह्या सगळ्यानंतर सूचना. ह्याने शक्यता १ येते असं मी म्हणेन, गुणाकार ५. तक्त्यात उपायाच्या रकान्यात 'टाकं, गट ३, ११:४०, काठावर अमुक शिक्षक आणि तमुक शिक्षक' असं नावानिशी दिसलं पाहिजे. नाव आणि वेळ नसलेल्या उपायाला मी उपाय म्हणत नाही.

उपायाने नवीन धोका निर्माण होतो का हेही बघा, हे फार कमी लोक करतात. माकडांचं उदाहरण घ्या. तिथे माकडं आहेत आणि त्यांना पिशवी म्हणजे खाऊ हे पक्कं माहीत आहे. म्हणून आम्ही ठरवलं की डबे आणि खाऊ बसमध्येच राहील, वर फक्त पाण्याची बाटली, ती पण दप्तरात, हातात प्लास्टिकची पिशवी नको. माकडांचा प्रश्न मिटला, पण त्या वर्षी साडेबाराच्या सुमाराला एका मुलाला चक्कर आली, सकाळी साडेसहाला चहा-बिस्किटावर घरातून निघालेला होता आणि डिसेंबर असला तरी काळ्या खडकावर दुपारचं ऊन चांगलंच लागतं. तेव्हापासून वर चढायच्या आधी बसमध्येच दहा मिनिटं चिक्की आणि केळं, आणि डबा एकच्या आत. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर काय, हे कागदावर लिहून ठेवा : जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि खरचटलेलं किती का छोटं असेना त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात. त्यासाठी साबणाची वडी आणि जादा पाच लिटरचा कॅन बसमध्ये लागतो, आणि कुठल्या रुग्णालयात लस उपलब्ध आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारावं लागतं. बोरिवली-कांदिवली भागात पालिकेची रुग्णालयं आहेत, त्यातलं नक्की कुठलं, आणि तिकडे कुठल्या गाडीतून, हे ठरवा. मूल बसमधून न्यायचं म्हटलं तर बाकीची ४७ मुलं डोंगरात बसशिवाय राहतात. आम्ही म्हणून एका शिक्षकाची गाडी मागून नेतो. रुग्णवाहिकेला १०८ आणि बाकी मदतीला ११२ हे प्रत्येक मोठ्या माणसाच्या कार्डावर असतंच, पण रेंज नसेल तर वरून खाली निरोप घेऊन कोण पळणार तेही लिहा.

मोजणीबद्दल थोडं लांबण लावते, कारण मी तिथेच एकदा गार पडले होते. परत निघताना मी ४८ मोजली, सहकारी शिक्षकांनी ४८ मोजली, बस सुटली, आणि गेटपर्यंत आल्यावर एक मुलगी म्हणाली, बाई, तो कुठेय. टॉयलेटच्या रांगेत होता बिचारा, तिथेच उभा होता, रडत नव्हता, आम्हालाच शोधत होता. दोघांनीही ४८ मोजली होती, कारण बसमध्ये मुलं जागा बदलत होती आणि आम्ही डोकी मोजत होतो. तेव्हापासून डोकी मोजणं बंद. ४८ मुलांचे सहा गट, प्रत्येकात आठ, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, आणि गटात चार जोड्या. गटप्रमुख आठ नावं हातातल्या कार्डावरून वाचतो, मूल स्वतः हजर म्हणतं आणि जोडीदाराकडे बघतं, मग गटप्रमुख मला 'गट तीन, आठ' असं सांगतो. सहा वेळा आठ ऐकल्याशिवाय ड्रायव्हरला हात दाखवायचा नाही. हे बसमध्ये चढताना-उतरताना, टॉयलेटनंतर, डब्यानंतर आणि लेणी बदलताना प्रत्येक वेळी. मुख्य शिक्षक म्हणजे जी बाई प्लॅन चालवतेय तिच्याकडे गट नसतो, हे महत्त्वाचं आहे, तिला मोकळं राहायला लागतं. म्हणजे सहा गटांना सहा आणि एक मोकळी, शिवाय बसमावशी बसपाशी. मुली आहेत तर सात जणांत बायका किती हेही बघा, टॉयलेटच्या दाराशी कोण उभं राहणार तो प्रश्न आयत्या वेळी सोडवता येत नाही.

आणि तुम्ही स्वतः छात्राध्यापक आहात, तर सहा गटप्रमुखांत स्वतःला मोजू नका. मार्गदर्शक शिक्षकांच्या जोडीला राहा. हा कागद तुम्ही लिहिलात तरी मंजुरीची सही मुख्याध्यापकांची असते, जबाबदारी शाळेची असते, हे टास्कमध्येही स्पष्ट लिहा.

तक्त्याच्या खाली एक छोटी चौकट करा, 'कधी मागे फिरायचं' अशी. सकाळी दोन शिक्षक आलेच नाहीत तर? आमचा नियम असा की एक कमी असेल तर मोकळी बाई गट घेते आणि वरची लेणी रद्द, दोन कमी असतील तर सहलच रद्द, आणि हे मुख्याध्यापिकांनी आधीच मान्य केलेलं असतं. अवकाळी पाऊस होऊन पायऱ्या ओल्या असतील तर फक्त चैत्यगृह. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं आणि माशा खवळलेल्या वाटल्या तर आवाज न करता परत. असं आधी लिहून ठेवलं की त्या क्षणी पोरांच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बघून निर्णय बदलत नाही. माझ्या मते तुमच्या १९ ओळींपेक्षा ही चार वाक्यं परीक्षक जास्त आवडीने वाचतील.

आता संमतीपत्र. 'शाळा जबाबदार राहणार नाही' ही ओळ काढाच. एक तर ती चालत नाही. १९९५ मध्ये पिकनिकला गेलेल्या शाळेतली १४ मुलं बियास नदीत बुडाली, त्यावर सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल आहे, एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीप चंद सूद. त्यात कोर्टाने शिक्षकांचा निष्काळजीपणा मानला आणि त्याची जबाबदारी शाळेवरही ठेवली, प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम ठेवली. मूल सहलीत शिक्षकाच्या ताब्यात असतं तेव्हा काळजी घ्यायचं कर्तव्य शिक्षकाचं असतं, आईवडिलांच्या सहीने ते कर्तव्य पुसलं जात नाही. मग सही कशाला, असं विचाराल तर सही म्हणजे पालकाला काय-काय होणार हे समजलं आणि तरी त्यांनी हो म्हटलं, ह्याचा पुरावा. आता तुमच्या पत्रात 'शैक्षणिक सहल, कान्हेरी, शुल्क अमुक' एवढंच आहे. पायऱ्या चढायच्या आहेत, उघडी पाण्याची टाकी आहेत, माकडं आहेत, मुलं आठच्या गटात फिरतील, परत येताना ट्रॅफिकमध्ये उशीर होऊ शकतो, ह्यातलं काहीच न सांगता घेतलेली सही कशाला संमती म्हणायची. म्हणून मी म्हणते की तक्ता आणि संमतीपत्र हे एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत : तक्त्यात जे चार-पाच मोठे धोके उरले ते साध्या मराठीत पत्रात आले पाहिजेत, त्यासमोर आपण काय करणार ते एका वाक्यात. उदाहरणार्थ असं लिहा : 'लेण्यांजवळ पाण्याची उघडी टाकी आहेत. मुलांना एकच टाकं दाखवू, तेही बसवून, आणि काठावर दोन शिक्षक उभे असतील.' कुणी पालक हे वाचून घाबरत नाही, उलट विश्वास बसतो, हा माझा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे, ती ओळ टाकल्याने जे नुकसान होतं ते वेगळंच आहे. पालक बचावात जातो आणि लपवतो. आमच्याकडे एका मुलीच्या फॉर्मवर 'काही आजार आहे का?' पुढे 'काही नाही' लिहिलेलं होतं आणि चढताना तिला धाप लागली. घरी दम्याचा पंप होता. आईला नंतर विचारलं तर म्हणाली, बाई, लिहिलं असतं तर तुम्ही नेलं नसतं ना तिला. चूक आमच्या प्रश्नाची होती. आता आम्ही 'आजार' शब्दच वापरत नाही, असं विचारतो : गेल्या एका वर्षात मुलाने नियमित कुठलं औषध घेतलं का, पंप वापरतो का, कधी फिट आली आहे का, कशाने अंगावर पित्त उठतं किंवा सूज येते का, बसमध्ये उलटी होते का, रात्री झोपेत घाबरतो वगैरे नाही विचारत कारण एका दिवसाची सहल आहे. आणि खाली ठळक, 'हे लिहिल्यामुळे मुलाला सहलीतून वगळलं जाणार नाही, काळजी घ्यायला लिहा.' पहिल्याच वर्षी पंपवाली मुलं एकदम तीन निघाली. ती त्या वर्षी नवीन आली नव्हती, आधीही होतीच. हे उत्तर आलं की ते तक्त्यात परत जायला हवं : पंप कुणाच्या बॅगेत, मुलाच्या की गटप्रमुखाच्या, माझं उत्तर मुलाच्या खिशात आणि जादा एक गटप्रमुखाकडे. फिट येणाऱ्या मुलाला पायऱ्यांवर कडेला न ठेवता आतल्या बाजूला. नुसतं गोळा करून फाइलला लावलेली माहिती मेली.

बाकी पत्रात लागतात त्या गोष्टी भराभर सांगते : त्या दिवशी नक्की उचलला जाईल असे दोन नंबर, एक आईवडिलांपैकी आणि एक शेजारी किंवा नातेवाईक, कारण मुंबईत आईबाप दोघंही लोकलमध्ये असू शकतात. तातडीची वेळ आली आणि फोन लागला नाही तर डॉक्टरांकडे नेऊन उपचार करायला परवानगी. परत आल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं त्याचं नाव, 'एकटा जाईल' असेल तर तसं वेगळं खूण करून. फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायला हरकत आहे का, हा प्रश्न वेगळ्या चौकटीत, त्याला नाही म्हटलं तरी सहल होईल हे सांगून. पैसे आणि सही ह्यांची एकच चिठ्ठी करू नका, मग पैसे भरले म्हणजे संमती आली असं क्लार्क धरून चालतो.

वेळापत्रक आमचं असं : सहलीच्या तीन आठवडे आधी पत्र घरी, दहा दिवस आधी परत, मग तीन दिवस सगळे फॉर्म मी स्वतः बसून वाचते आणि शंका असेल तिथे फोन, आठवडाभर आधी तक्ता शेवटचा करून मुख्याध्यापिकांकडे. व्हॉट्सअपवरचा अंगठा आम्ही संमती धरत नाही, कारण अंगठा कुणी दाबला ते कळत नाही आणि पत्र वाचलं की नाही तेही कळत नाही. खोट्या सह्या येतात, हे मान्य करूनच चाला. सही मुलाच्याच पेनाने, मुलाच्याच वळणाच्या अक्षरात, आणि आरोग्याचा रकाना रिकामा दिसला की फोन करायचा, ओरडायचं नाही, 'पत्र मिळालं का, काही विचारायचंय का' एवढंच. बऱ्याच वेळा कळतं की पत्र दप्तरातच आहे. आमच्या वर्गात उर्दू, हिंदी, गुजराती घरातलीही मुलं असतात, काही आयांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी पत्र हिंदीतही देतो आणि न वाचता येणाऱ्यांना फोनवर वाचून दाखवतो, फॉर्मवर तारीख, वेळ आणि कुणी वाचून दाखवलं ते लिहितो. न वाचता केलेला अंगठा हीसुद्धा एक प्रकारची खोटी सहीच आहे.

टास्कपुरतं म्हणाल तर एक पानाचा तक्ता, पाच-सहा ओळींचा, नावं आणि वेळांसकट, खाली मागे फिरायची चौकट, मग दोन पानांचं पत्र, आणि शेवटी अर्धं पान की फॉर्म परत आल्यावर तक्त्यात काय बदललं. हे शेवटचं अर्धं पान बहुतेक जण लिहीत नाहीत. तुमच्याकडे खरे फॉर्म आलेले नसतील तर दोन कल्पित फॉर्म घेऊन दाखवा, पण ते कल्पित आहेत असं स्पष्ट लिहून, खऱ्या मुलाचं नाव-आजार टास्कमध्ये अजिबात नको.

आणि ते तीन पालक. आधी कारण विचारा, पण कारण द्यायची सक्ती नाही अशा सुरात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळी कारण पैशाचं असतं आणि ते तोंडाने दुसरं सांगतात, तिथे मुख्याध्यापिकांकडून शुल्क गुपचूप माफ होतं का ते बघा, वर्गात न बोलता. कधी कारण पाळी किंवा प्रवासात होणारी उलटी असं असतं, तिथे तुमच्या प्लॅनमध्ये काय सोय आहे ते सांगितलं की तयार होतात. आणि कधी घरचं ठाम नाही असतं, ते नाहीच, तिसऱ्यांदा फोन करायचा नाही, मुलाकडून हट्ट करवायचा तर अजिबात नाही. त्या दिवशी ती मुलं शाळेत येणार, त्यांना दुसऱ्या वर्गात मागच्या बाकावर बसवून ठेवू नका. आमच्याकडे एक शिक्षिका त्यांच्यासाठी थांबते, त्यांना कान्हेरीच्या टाक्यांचे फोटो आणि शिलालेखाचं काम मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी सहलीवरून आलेल्या गटांना प्रश्न तीच विचारतात. ती एक शिक्षिका मात्र तुमच्या सात जणांतून वजा करून बघा, सध्याच्या प्लॅनमध्ये तुम्ही तिला दोन्हीकडे मोजलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.